खडा फोडणं वेगळं, बाहेर काढणं वेगळं

सोलापुरात मूतखडा म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. कडक उन्हाळा, पत्र्याच्या शेडमधले यंत्रमाग, अंगातून घामाच्या धारा, आणि पाणी मात्र फार तहान लागली तरच. मग लघवी घट्ट होते आणि तिच्यातल्या क्षारांचे खडे धरतात. रिपोर्ट हातात आला की पहिला प्रश्न असतो, ‘किती एमएमचा?’ आणि दुसरा, ‘ऑपरेशनशिवाय मशीनवर फुटेल ना?’

आता या ‘फुटेल ना’बद्दल बोलू. खडा फोडणं हे एक काम आणि तुकडे शरीराबाहेर काढणं हे दुसरं. उपचार निवडताना ही दोन्ही कामं कोण करणार, हे बघायचं असतं.

मशीन म्हणजे लिथोट्रिप्सी. 1980 साली जर्मनीत म्युनिकला ती पहिल्यांदा माणसावर वापरली गेली. शरीराबाहेर तयार केलेल्या धक्कालहरी त्वचेतून आत जाऊन खड्यावर एकवटतात. कुठे चिरा नाही, टाका नाही. पण मशीन फक्त फोडतं. तुकडे लघवीवाटे तुमच्या शरीरानेच बाहेर टाकायचे.

दुसरी पद्धत दुर्बिणीची, म्हणजे युरेटेरोस्कोपी. लघवीच्या मार्गानेच दुर्बीण मूत्रवाहिनीत नेतात, लेसरने खडा फोडतात, मोठे तुकडे बारीक जाळीत पकडून काढतात. दुर्बीण लवचीक असेल तर ती थेट किडनीत जाते.

तिसरी पीसीएनएल. पाठीतून साधारण एक सेंटिमीटरचं छिद्र करून सरळ किडनीत शिरायचं, खडा फोडायचा आणि त्याच वाटेने तुकडे काढायचे. इथे भूल लागते, दवाखान्यात राहावं लागतं, रक्तस्राव आणि जंतुसंसर्गाचा धोका जास्त. पण एकाच वेळी सगळा खडा निघण्याची शक्यताही सर्वांत जास्त. म्हणून किडनीतला खडा दोन सेंटिमीटरपेक्षा मोठा असेल तर बहुधा हाच पहिला पर्याय.

एक उदाहरण घेऊ. समजा, पंचेचाळीस वर्षांचे एक यंत्रमाग कामगार आहेत, किडनीत 14 एमएमचा खडा. हा खडा किडनीच्या मधल्या पिशवीत, मूत्रवाहिनीच्या तोंडाशी असेल आणि फार कठीण नसेल, तर मशीन चांगला पर्याय आहे. फुटल्यावर तुकड्यांना उताराची वाट आहे.

आता तोच 14 एमएमचा खडा किडनीच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात आहे असं धरा. रांजणाच्या तळाशी खापऱ्या पडाव्यात तसं होतं. तुकडे होतात, पण वर चढून बाहेर पडायला जमत नाही. उत्तर अमेरिकेतल्या काही रुग्णालयांनी खालच्या कप्प्यातल्या खड्यांवर एक अभ्यास केला, तो 2001 साली प्रसिद्ध झाला. मशीनच्या गटात 37 टक्के रुग्ण खडामुक्त झाले, पीसीएनएलच्या गटात 95 टक्के. खडा जसजसा मोठा, तसतसा हा फरक वाढत गेला.

सीटी स्कॅनमध्ये आणखी दोन गोष्टी कळतात. खड्याची घनता 1000 हाउन्सफिल्ड युनिटच्या वर असेल तर तो मशीनला दाद देत नाही. आणि त्वचेपासून खड्यापर्यंतचं अंतर दहा सेंटिमीटरहून जास्त असेल, म्हणजे माणूस जाडजूड असेल, तर लहरींचा जोर वाटेतच कमी होतो. आपल्या कामगाराचा खडा खालच्या कप्प्यात, घनता 1300. त्यांना मशीनवर तीन-तीनदा झोपवण्यापेक्षा लवचीक दुर्बीण किंवा बारीक छिद्राची पीसीएनएल सुचवणं योग्य. नुसतं ‘14 एमएम’ ऐकून हे ठरलं नसतं.

खडा मूत्रवाहिनीत उतरला की हिशेब बदलतो. नळी आतून जेमतेम तीन-चार एमएमची. खालच्या टोकाला अडकलेल्या, दहा एमएमपेक्षा मोठ्या खड्याला दुर्बीण बरी, कारण वाट जवळची आणि खडा बहुधा एकाच खेपेत निघतो. गरोदर बाईला मशीन लावतच नाहीत. रक्त पातळ करणारी गोळी बंद करता येत नसेल, तर मशीन आणि पीसीएनएल दोन्ही टाळून दुर्बीण वापरतात.

आता चुकतं कुठे ते सांगतो. मशीननंतर कधी कधी तुकडे मूत्रवाहिनीत एकामागे एक रांग लावून अडकतात आणि लघवी तुंबते. दुखणं थांबलं म्हणून खडा गेला असं धरू नका. पूर्ण अडलेली किडनी कधी कधी गप्प बसते आणि आतल्या आत खराब होत जाते. म्हणून फेरतपासणीची सोनोग्राफी किंवा एक्स-रे चुकवायचा नाही. आणि कळेबरोबर थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठा. अशा वेळी आधी नळी घालून तुंबलेली लघवी मोकळी करतात. खड्याचं नंतर बघतात.

दुर्बिणीनंतर आत स्टेंट ठेवला असेल तर काढायची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. त्रास होत नाही म्हणून विसरला, तर काही महिन्यांत त्या नळीवरच खडे चढतात आणि ती काढायला नवं ऑपरेशन लागतं.

तेव्हा पुढच्या वेळी रिपोर्ट घेऊन बसाल, तेव्हा ‘फुटेल का?’ विचाराच. पण त्याला जोडून विचारा, ‘डॉक्टर, फुटल्यावर तुकडे कोणत्या वाटेने बाहेर येणार?’