दोन टाक्यांचं पाणी आणि दोनदा आलेला पोल

गच्चीवर दोन टाक्या आहेत, एक वर आणि एक तिच्याखाली. दर तासाला वरच्या टाकीतलं निम्मं पाणी खालच्या टाकीत उतरतं आणि त्याच वेळी खालच्या टाकीतलं निम्मं पाणी बाहेर जातं. दोन्ही टाक्या रिकाम्या असताना वरच्या टाकीत एकदाच १०० लिटर पाणी ओतलं, तर खालच्या टाकीत तासातासाला किती पाणी दिसेल? सुरुवातीला शून्य, मग ५०, पुन्हा ५०, मग ३७.५, मग २५ लिटर.

वरच्या टाकीचा हिशेब सरळ आहे, कारण तिथलं पाणी तासागणिक निम्मं होत जातं. खालच्या टाकीत मात्र पाणी आधी चढतं, थबकतं आणि मग ओसरतं. याचं कारण एका थेंबाच्या मागे मागे गेलं की कळतं. n तासांनंतर थेंब खालच्या टाकीत असेल, तर त्या n तासांपैकी नेमक्या एका तासाला तो खाली उतरला आणि बाकीच्या प्रत्येक तासाला होता तिथेच राहिला. उतरणं असो की राहणं, दर तासाचा वाटा निम्माच. म्हणून अशा प्रत्येक वाटेने १०० लिटरचा (1/2)ⁿ इतका भाग येतो. उतरण्याचा तास n प्रकारे निवडता येतो, म्हणून वाटाही n आहेत. खालच्या टाकीतलं पाणी 100·n·(1/2)ⁿ लिटर निघतं ते असं. यातल्या n या गुणकावर नजर ठेवा. या लेखाचा विषय तोच आहे.

अशा तासातासाच्या आकड्यांची रांग एकाच राशीत गुंफायची रीत म्हणजे झेड-ट्रान्सफॉर्म. १९५२ साली कोलंबिया विद्यापीठातल्या रागाझिनी आणि झादे यांच्या शोधनिबंधाने हे नाव रूढ केलं. पहिला आकडा तसाच ठेवायचा, दुसऱ्याला z⁻¹ ने गुणायचं, तिसऱ्याला z⁻² ने, आणि सगळ्यांची बेरीज करायची. z⁻¹ म्हणजे ‘एक तास उशीर’ एवढंच लक्षात ठेवलं तरी पुरे. दर तासाला निम्मं उरतं, या गोष्टीमुळे छेदात (z − 0.5) हा अवयव येतो. z च्या ज्या किमतीला छेद शून्य होतो, तिला पोल म्हणतात. आपल्या दोन्ही टाक्यांची चाल एकच असल्यामुळे 0.5 हा पोल दोनदा येतो.

आता एकदाच ओतण्याऐवजी दर तासाच्या ठोक्याला वरच्या टाकीत १०० लिटर पाणी सोडू. सतत येणाऱ्या या पाण्यामुळे 1 हा आणखी एक पोल मिळतो, आणि खालच्या टाकीची राशी अशी होते:

```
V(z) = 50 z² / [ (z − 0.5)² (z − 1) ]
```

या राशीतून तासातासाचे आकडे परत मिळवायचे, म्हणजेच इन्व्हर्स झेड-ट्रान्सफॉर्म काढायचा. त्याचा एक मार्ग पॉवर सिरीजचा, म्हणजे शाळेतल्या लांब भागाकाराचा. छेदाचा गुणाकार केला की z³ − 2z² + 1.25z − 0.25 मिळतो. त्याने 50z² ला भागत गेलं की 50z⁻¹ + 100z⁻² + 137.5z⁻³ + 162.5z⁻⁴ अशी श्रेणी उलगडते. सहगुणक वाचायचे: पहिल्या तासाला ५० लिटर, दुसऱ्याला १००, मग १३७.५, मग १६२.५. इथे हुशारी लागत नाही, चुकायला जागाही थोडी. पण शंभराव्या तासाचा आकडा हवा असेल, तर आधीचे सगळे काढत बसावं लागतं, आणि पाणी शेवटी कुठे स्थिरावणार हे भागाकार सांगत नाही.

ते पार्शल फ्रॅक्शन सांगतात. आधी V(z) ला z ने भागून ठेवायचं, कारण कोष्टकातल्या तयार जोड्यांच्या अंशात z असतो आणि शेवटी तो परत हवा असतो. मग तुकडे पाडायचे:

```
V(z)/z = A/(z − 1) + B/(z − 0.5) + C/(z − 0.5)²
```

दोनदा आलेल्या पोलला दोन तुकडे द्यावे लागतात. A काढताना (z − 1) झाकायचा आणि उरलेल्या राशीत z = 1 घालायचा: 50 ÷ 0.25, म्हणजे 200. C साठी (z − 0.5)² झाकून z = 0.5 घातला की 25 ÷ (−0.5), म्हणजे −50. B मात्र असा झाकून मिळत नाही, आणि विद्यार्थी अडतात ते इथेच. (z − 0.5)² झाकल्यावर 50z/(z − 1) उरतं. त्याची z = 0.5 पाशी असलेली किंमत C ने आधीच घेतली. त्या बिंदूजवळ ही राशी किती वेगाने बदलते, ते B ला हवं असतं. म्हणून तिचा डेरिव्हेटिव्ह घ्यायचा: −50/(z − 1)². त्यात z = 0.5 घातला की B = −200.

हाच B एका ओळीतही मिळतो, आणि मला ती वाट जास्त आवडते. सुरुवातीला खालची टाकी रिकामी होती, त्या वेळी C चा तुकडा काहीच देत नाही, म्हणून A + B शून्यच असायला हवं.

आता कोष्टकातून उलट वाचायचं. z/(z − 1) म्हणजे कायम 1, z/(z − 0.5) म्हणजे (0.5)ⁿ, आणि z/(z − 0.5)² म्हणजे n·(0.5)ⁿ⁻¹. तिघांना एकत्र केलं की

```
v[n] = 200 − 100 (n + 2) (0.5)ⁿ
```

थेंबाच्या हिशेबातला n इथे परत आला. पाणी २०० लिटरवर स्थिरावणार हेही सूत्रातच दिसतं, आणि दहाव्या तासाला ते १९८.८ लिटरपर्यंत पोचलेलं असतं.

सगळ्यात जास्त चूक होते ती त्या घातांकात. z/(z − 0.5)² साठी n·(0.5)ⁿ⁻¹ च्या जागी n·(0.5)ⁿ लिहिलं जातं. सूत्र तरीही सुबक दिसतं, सुरुवातीचा शून्यही बरोबर येतो आणि शेवटचे २०० सुद्धा. म्हणजे दोन्ही टोकं तपासणाऱ्याला चूक सापडत नाही. पण पहिल्या तासाला ते ७५ लिटर सांगतं, आणि भागाकार ५० म्हणतो. म्हणून सूत्र हाती आलं तरी भागाकाराच्या निदान दोन पायऱ्या करून पाहाव्यात.

भागाकाराचीही एक अट आहे: तो z च्या मोठ्या घातापासून सुरू करायचा. लहान घातापासून, म्हणजे −0.25 ने भागायला घेतलं, तर पहिलंच पद −200z² येतं, म्हणजे नळ सुरू होण्याच्या दोन तास आधी टाकीत उणे २०० लिटर. त्या गणितात चूक नसते. एकाच राशीतून दोन वेगळ्या रांगा निघतात, एक सुरुवातीनंतरची आणि एक सुरुवातीआधीची. आपल्याला हवी असलेली रांग, z चा आकार सगळ्यात मोठ्या पोलपेक्षा, इथे 1 पेक्षा, मोठा धरला की मिळते.

खऱ्या टाक्या मात्र तंतोतंत सारख्या नसतात. समजा दुसरा पोल 0.5 ऐवजी 0.5001 आहे. मग पोल वेगळे झाले, डेरिव्हेटिव्हची गरज उरली नाही आणि झाकून दोन्ही सहगुणक मिळतात. पण ते निघतात सुमारे +५,००,००० आणि −५,००,२००. टाकीत सुमारे २०० लिटरपेक्षा जास्त पाणी कधीच नसतं, आणि तो छोटा आकडा आपण पाच लाखांच्या दोन आकड्यांच्या वजाबाकीतून काढायला निघालेलो असतो. सहगुणक तीन अंकांपर्यंत गोल केले की त्या वजाबाकीतून शून्य हाती येतं. अशा वेळी दोन्ही पोल एकच मानून n चं सूत्र वापरलेलं बरं, किंवा ५० पासून सुरू होणारा भागाकार पुढे नेलेला बरा.