रात्रपाळीची कामे, लेखांक 6 : आज किती नोंदी आल्या?

दररोज ठरलेल्या वेळी आपोआप सुरू होणाऱ्या, साठलेले काम उरकून पुन्हा थांबणाऱ्या प्रोग्रॅमला बॅच जॉब म्हणतात, आणि अशा जॉबविषयी पहिला प्रश्न बहुधा तो नीट संपला का हाच विचारला जातो. त्याचे उत्तर एक्झिट कोड देतो, म्हणजे प्रोग्रॅम संपताना मागे ठेवतो तो अंक. तो शून्य असला की काम सुरळीत झाले असे मानण्याचा प्रघात आहे. मात्र प्रोग्रॅम कोठेही न अडखळता शेवटपर्यंत पोचला, एवढेच या शून्यावरून कळते. वाटेत त्याने दोन हजार नोंदी हाताळल्या की एकही नाही, हे त्यावरून समजत नाही, आणि समोर आलेली यादी रिकामी असेल तर ती अडखळल्याशिवाय पार करणे कोणत्याही प्रोग्रॅमला सहज जमते. म्हणून प्रत्येक फेरीत किती नोंदी हाताळल्या गेल्या हा आकडा मेट्रिक म्हणून, म्हणजे वेळेच्या शिक्क्यासह साठवलेले मोजमाप म्हणून, नोंदवावा लागतो आणि तो कोणत्या पातळीखाली गेला म्हणजे माणसाला बोलवायचे ती इशारारेषा आखावी लागते.

विवेचनासाठी एक कल्पित जॉब घेऊ. तो रोज रात्री 9 वाजता 40 बाजार समित्यांचे त्या दिवसाचे बाजारभाव गोळा करतो. शेतमाल, जात, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर, अशा रकान्यांची एक ओळ म्हणजे एक नोंद. एके दिवशी एका मोठ्या समितीच्या तक्त्यात ‘सर्वसाधारण दर’ या मथळ्याऐवजी ‘सरासरी दर’ असे छापले गेले, तर मथळ्यावरून रकाना शोधणाऱ्या प्रोग्रॅमला तो सापडत नाही, प्रत्येक ओळ अपुरी ठरून बाजूला पडते, आणि अपुऱ्या ओळी वगळून पुढे जाण्याची सोय लिहिणाऱ्याने चांगल्या हेतूनेच करून ठेवलेली असल्याने जॉब शून्य एक्झिट कोड देऊन संपतो. दुसऱ्या दिवशी भाव पाहणाऱ्या शेतकऱ्याला त्या समितीचा भाव दिसत नाही आणि बाजार बंद असावा असे तो धरून चालतो.

हा बिघाड पकडायचा तर मोजणी एकाच जागी करून भागत नाही. वाचलेल्या नोंदी, नाकारलेल्या नोंदी आणि लिहिलेल्या नोंदी असे तीन आकडे ठेवावेत. पहिला आकडा उरलेल्या दोघांच्या बेरजेइतका असलाच पाहिजे. तसा नसेल तर नोंदी मध्येच कोठे तरी गळत आहेत. वरच्या उदाहरणात वाचलेल्या 409, नाकारलेल्या 409 आणि लिहिलेल्या शून्य असे चित्र दिसते, आणि त्यावरून तक्त्याची मांडणी बदलली हे लगेच ओळखता येते. वाचलेल्याच शून्य असतील, तर दोष मूळ ठिकाणी किंवा तेथवरच्या जोडणीत असतो, अथवा बाजारच भरलेला नसतो. आणखी एक खूण ध्यानात ठेवण्याजोगी आहे: एखाद्या समितीचा आकडा अचानक नेमका 100 किंवा 500 असा गोल येऊ लागला, तर पानापानांनी मिळणाऱ्या माहितीचे पहिलेच पान वाचून प्रोग्रॅम थांबत असल्याचा दाट संशय घ्यावा.

आता रेषा. सर्वांत सोपी रेषा म्हणजे ठाम आकडा: 1,000 पेक्षा कमी नोंदी आल्या की इशारा. ती आखायला पाच मिनिटे पुरतात, पण रविवारी बहुतेक बाजार बंद असल्याने ती दर रविवारी खोटा इशारा देते, आणि रविवार सांभाळण्यासाठी ती खाली ओढली की मंगळवारी निम्मा माल गळला तरी ती गप्प राहते. म्हणून आजच्या आकड्याची तुलना कालच्याशी न करता त्याच वाराच्या मागील आकड्यांशी करणे योग्य ठरते. समजा, मागील आठ मंगळवारी लिहिलेल्या नोंदी अशा आहेत: 2412, 2388, 2455, 2301, 2437, 1290, 2398, 2420. यांतील 1290 हा सणाच्या सुट्टीचा मंगळवार आहे.

येथे पाठ्यपुस्तकातली सवय म्हणजे सरासरी काढायची, आकडे सरासरीभोवती किती विखुरले आहेत ते सांगणारे प्रमाण विचलन काढायचे, आणि सरासरीच्या खाली तीन विचलनांवर रेषा ओढायची. तसे केल्यास सरासरी सुमारे 2263 आणि प्रमाण विचलन सुमारे 396 येते, आणि रेषा 1076 च्या आसपास पडते. म्हणजे एकट्या सुट्टीच्या दिवसाने रेषा इतकी खाली ओढली की पुढच्या मंगळवारी निम्म्याच, 1200 नोंदी आल्या तरी कोणालाही इशारा जाणार नाही. सरासरीचा हा दोष जुन्या बिघाडांनाही लागू पडतो, कारण पकडला न गेलेला प्रत्येक बिघाड इतिहासात जाऊन बसतो आणि पुढच्या बिघाडाला आडोसा देतो.

मध्यक, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने मांडल्यावर अगदी मधोमध येणारे मूल्य, या ओढीला बधत नाही. वरच्या आठ आकड्यांचा मध्यक 2405 आहे, आणि त्या 1290 च्या जागी शून्य असते तरी तो 2405 च राहिला असता. मध्यकापासूनच्या अंतरांचा पुन्हा मध्यक काढून त्यावर बेतलेली रेषाही आखता येते. येथे ती साधारण 2296 वर पडते. मात्र ती व्यवहारात फार घट्ट ठरते. यादीतला 2301 हा आकडा अगदी साधा दिवस असूनही तिच्यापासून जेमतेम पाच नोंदी वर आहे, आणि आठच आकड्यांवरून इतका बारीक निवाडा करू नये. त्यापेक्षा मध्यकाच्या 80 टक्के, म्हणजे 1924, ही रेषा ओबडधोबड असली तरी विश्वासाची, कारण तिच्याखाली आकडा गेला तर पाहावे असे काही तरी नक्कीच घडलेले असते. रात्री साडेनऊला ज्याचा फोन वाजतो त्याला तिसऱ्यांदा विनाकारण उठवले की चौथ्यांदा तो इशारा वाचतही नाही, हे रेषा आखणाऱ्याने सतत मनाशी धरायला हवे.

तरीही ही रेषा मथळा बदललेल्या समितीला पकडत नाही. त्या समितीच्या 409 नोंदी वजा झाल्या तरी एकूण आकडा 1996 च्या आसपास राहतो आणि 1924 ची रेषा ओलांडली जात नाही. एकूण बेरीज सगळ्यांचे मिळून सांगते, त्यामुळे एकाचे गायब होणे बाकीच्यांच्या गर्दीत झाकले जाते. म्हणून आकडा समितीनिहाय नोंदवावा आणि प्रत्येक समितीला तिच्याच इतिहासाशी ताडावे. मोठ्या समित्यांना टक्केवारीची रेषा मानवते. जेथे दिवसाला सातच नोंदी येतात तेथे उद्या तीन येणे यात काही विशेष नसते, आणि 80 टक्क्यांची रेषा तेथे रोज खोटे बोलेल. अशा लहान समित्यांसाठी प्रमाण सोडून सातत्य पाहावे: बाजाराच्या सलग तीन दिवशी शून्य नोंदी आल्या तर इशारा.

वारांचा हिशेबही सर्वत्र पुरत नाही. कांद्याच्या काही बाजारांत अमावास्येला लिलाव बंद ठेवण्याची जुनी रीत राहिली आहे, आणि अमावास्या कोणत्याही वारी येते. अशा दिवसांचा एक छोटा तक्ता जॉबच्या शेजारी ठेवून त्या दिवशी अपेक्षित आकडा बदलावा आणि तो दिवस मध्यकाच्या हिशेबातून वगळावा. आकडा नोंदवणे मात्र त्या दिवशीही थांबवू नये, कारण बंद असलेल्या बाजाराच्या 400 नोंदी आल्या तर तेही तपासण्याजोगेच आहे. बहुधा कालचाच तक्ता पुन्हा वाचला गेलेला असतो.

ही मापने साठवण्यासाठी प्रॉमिथियस हे मुक्त साधन बरेच वापरले जाते. 2012 मध्ये साउंडक्लाउड या कंपनीत त्याची सुरुवात झाली. ते ठरावीक अंतराने स्वतः जाऊन आकडे उचलते. चार मिनिटांत संपणारा जॉब त्या वेळी जागा असेलच असे नाही, म्हणून जॉब आपले आकडे पुशगेटवे नावाच्या मध्यस्थाकडे ठेवून जातो. हा मध्यस्थ शेवटचा आकडा कोणी पुसेपर्यंत तसाच धरून बसतो, त्यामुळे आज जॉब सुरूच झाला नाही तरी कालचे 2420 ताजे असल्यासारखे दिसत राहतात आणि रेषा निश्चिंत राहते. यावर उपाय म्हणजे फेरी पूर्ण झाल्याची वेळही स्वतंत्र मेट्रिक म्हणून, आणि सर्व नोंदी लिहून झाल्यावरच, ठेवणे. अपेक्षित आकडा जॉबनेच काढून सोबत द्यावा. प्रॉमिथियस जुनी मापने साठवण्याची मुदत न बदलल्यास 15 दिवसच ठेवते, आणि आठ मंगळवारांना आठ आठवडे लागतात. तारीख, समिती आणि आकडा एवढ्या तीन रकान्यांचा तक्ता जॉबच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये असला की ते काम होते. मग नियम असे उरतात:

```
- alert: BhavRowsLow
  expr: bhav_rows_written < 0.8 * bhav_rows_expected
- alert: BhavRunStale
  expr: time() - bhav_last_run_timestamp_seconds > 26 * 3600
- alert: BhavRunMissing
  expr: absent(bhav_last_run_timestamp_seconds)
```

दुसऱ्या नियमातील 26 तास म्हणजे रोजचे 24 आणि उशिरासाठी दोन तासांची सवलत. तिसरा नियम अनावश्यक भासतो, पण मापनच नाहीसे झाले तर पहिल्या दोन्ही नियमांना तुलना करायला काही उरत नाही. अशा वेळी प्रॉमिथियस आकडा शून्य धरत नाही. तुलनेचे उत्तर रिकामे येते, आणि रिकाम्या उत्तरावर इशारा वाजत नाही. पुशगेटवे आकडे डिस्कवर न ठेवता पुन्हा सुरू झाला, तर नेमके हेच होते.

इशाऱ्याच्या मजकुरात समितीचे नाव, आजचा आकडा, अपेक्षित आकडा आणि वाचलेल्या-नाकारलेल्यांची फोड ही चारही असावीत, म्हणजे वाचणाऱ्याला दोष मांडणीतला की जोडणीतला हे संगणक उघडण्याआधीच कळते. दुरुस्तीनंतर जॉब त्या दिवसासाठी पुन्हा चालवला जातो, तेव्हा इतिहासाच्या तक्त्यात नवी ओळ न भरता त्याच तारखेचा आकडा बदलावा. तसे न केल्यास एका मंगळवारचे दोन आकडे होतात, एक शून्य आणि एक 409, आणि आठ मंगळवारांच्या जागी मध्यक सातांचाच निघतो.