‘आपले बाबा’

समजा, चेन्नईत वाढलेल्या तमिळ नवऱ्याला मराठी बायकोच्या वडिलांच्या निधनानंतर तिला मराठीत दोन ओळी लिहायच्या आहेत. पहिला मसुदा इंग्रजीतून उतरतो: ‘तुझ्या नुकसानाबद्दल मला दुःख आहे.’ मराठीत नुकसान पिकाचं होतं, धंद्याचं होतं. माणूस ‘जातो’. ‘मृत्यू झाला’ हेही चूक नाही, पण ते दाखल्यावरचं वाक्य आहे.

मग तो लिहितो, ‘बाबा गेला’. इथे मात्र जपायला हवं. काही घरांत बाबांना अरेतुरे करतात, पण बायको ‘अहो बाबा’ म्हणत असेल, तर ‘गेले’च हवं. ‘माझा आठवण’सारखी लिंगाची चूक तिला खुपणार नाही. तमिळमध्ये निर्जीव वस्तूंना स्त्रीलिंग-पुल्लिंग नसतंच, त्यामुळे ती व्हायचीच.

एक गोष्ट त्याला मुळातच येते. तमिळमध्ये ऐकणाऱ्याला धरून ‘नाम’ आणि वगळून ‘नांगळ’, तसंच आपलं ‘आपण’ आणि ‘आम्ही’. म्हणून ‘तुझे वडील’ खोडून ‘आपले बाबा’ लिहिणं त्याला जमतं. माझ्या मते सगळ्या मजकुरात हाच शब्द सर्वांत जवळचा. सासऱ्यांशी तेवढा सहवास नसेल, तर नुसतं ‘बाबा’ पुरे.

शेवटी उरतं ते एवढंच: ‘आपले बाबा गेले, खरंच वाटत नाही. मी सकाळी सहाला पोचतो. तोवर आईंजवळ बस, दोन घास खा. रडू आलं तर रात्री कधीही फोन कर, मी जागाच आहे.’