घटक 4 : जिवाणूंविरुद्धची पहिली फळी – न्यूट्रोफिल, मॅक्रोफेज आणि डेंड्रायटिक पेशी

4.0 उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला
– जखमेत जिवाणू शिरल्यापासून पहिल्या दोन दिवसांत शरीरात काय घडते, हे क्रमाने सांगता येईल.
– न्यूट्रोफिल, मॅक्रोफेज आणि डेंड्रायटिक या तीन पेशींच्या कार्यांतील फरक स्पष्ट करता येईल.
– रक्ततपासणीच्या अहवालावरून न्यूट्रोफिलांची प्रत्यक्ष संख्या काढून तिचा अर्थ लावता येईल.

4.1 प्रास्ताविक

मागील घटकात आपण उपजत आणि अर्जित प्रतिकारक्षमता यांतील भेद पाहिला. उपजत प्रतिकारक्षमतेतील काही पेशी जिवाणूंना गिळतात, हेही तेथे आले आहे. या गिळण्याच्या क्रियेला भक्षण म्हणतात. या क्रियेच्या अभ्यासाचा आरंभ एका काट्यापासून झाला. 1882 साली सिसिलीतील मेसिना येथे इल्या मेचनिकॉव्ह या शास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक डिंभात गुलाबाचे काटे टोचले. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहिले तेव्हा काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला त्याला दिसला. पुढे त्याने भक्षक पेशींचे दोन प्रकार मानले. मोठ्या पेशींना त्याने ‘मॅक्रोफेज’ हे नाव दिले. लहान पेशींना तो ‘मायक्रोफेज’ म्हणे, त्यांनाच आज आपण न्यूट्रोफिल म्हणतो. तिसऱ्या पेशीची ओळख पटण्यास मात्र 1973 साल उजाडावे लागले. राल्फ स्टाइनमन आणि झॅनव्हिल कोन यांनी उंदराच्या प्लीहेत फांद्यांसारखे फाटे असलेली पेशी पाहिली आणि वृक्षवाचक ग्रीक शब्दावरून तिला ‘डेंड्रायटिक’ असे नाव दिले.

तिन्ही पेशी भक्षण करतात. मग एकच काम करणाऱ्या तीन पेशी शरीराला कशासाठी लागतात? या प्रश्नाच्या उत्तरासाठी आपण एक साधे उदाहरण घेऊ आणि प्रत्येक पेशीला तीनच प्रश्न विचारू : जिवाणू येण्यापूर्वी ती कोठे होती? गिळलेल्या जिवाणूचे ती काय करते? आणि त्यानंतर ती कोठे जाते?

4.2 विषय-विवेचन

4.2.1 काटा रुतल्यानंतर : मॅक्रोफेज

शेतात अनवाणी चालताना एखाद्याच्या टाचेत बाभळीचा काटा खोलवर रुतला, असे समजा. काट्याबरोबर त्वचेवरील स्टॅफिलोकॉकस ऑरियस हे जिवाणू आतल्या थरात गेले. ज्या थरात ते पोहोचले, तेथे मॅक्रोफेज आधीपासूनच वस्तीला असतात. त्वचा, यकृत, फुप्फुस, आतडे अशा बहुतेक सर्व ऊतींत या पेशी असतात आणि आठवडे, महिने, काही ठिकाणी त्याहूनही अधिक काळ टिकतात. शांततेच्या काळात मेलेल्या पेशी व कचरा उचलणे हे त्यांचे नित्याचे काम असते.

जिवाणूंच्या आवरणात असे काही घटक असतात, की जे मानवी पेशींत कधीच आढळत नाहीत. मॅक्रोफेजच्या पृष्ठभागावरील ग्राही प्रथिने हे घटक ओळखतात. ओळख पटताच मॅक्रोफेज दोन गोष्टी करते. एक म्हणजे ती जवळचे जिवाणू गिळू लागते. दुसरी आणि या टप्प्यावर अधिक महत्त्वाची गोष्ट म्हणजे ती सायटोकाइन नावाची संदेशवाहक प्रथिने बाहेर सोडते. या संदेशांमुळे भोवतालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंतींतून द्रव झिरपू लागतो आणि भिंतीच्या आतील बाजूस चिकट रेणू प्रकट होतात. टाच लाल होते, गरम लागते, सुजते आणि ठणकू लागते. ही लक्षणे जिवाणूंनी केलेल्या हानीची खूण आहेत, असे आपल्याला सहज वाटते. परंतु त्यांतील बराचसा भाग हा शरीरानेच दिलेल्या हाकेचा परिणाम असतो.

ही हाक आवश्यक असते, कारण एका जागी वस्तीला असलेल्या मॅक्रोफेज संख्येने मोजक्या असतात. जिवाणू थोडे असतील, तर त्या एकट्याही प्रकरण संपवू शकतात. जिवाणू झपाट्याने वाढू लागले, तर मात्र त्यांना कुमक मागवावी लागते.

4.2.2 कुमक : न्यूट्रोफिल

न्यूट्रोफिल निरोगी ऊतीत सहसा आढळत नाहीत. त्या अस्थिमज्जेत तयार होतात आणि रक्तातून फिरत राहतात. प्रौढ व्यक्तीच्या रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी निम्म्याहून अधिक न्यूट्रोफिलच असतात. शरीर दररोज सुमारे 100 अब्ज न्यूट्रोफिल निर्माण करते, कारण त्यांचे आयुष्य अल्प असते.

रक्तप्रवाहातून वेगाने जाणारी ही पेशी टाचेजवळ नेमकी थांबते कशी? वाहिनीच्या भिंतीवर प्रकट झालेल्या रेणूंना ती प्रथम सैलसर चिकटते आणि भिंतीवरून गडगडत जाते. मग इंटेग्रिन नावाच्या प्रथिनांच्या साहाय्याने ती घट्ट चिकटते, चपटी होते आणि बहुधा भिंतीतील दोन पेशींच्या सांध्यातून बाहेर पडते. पुढचा मार्ग तिला रासायनिक संदेशांच्या वाढत्या तीव्रतेवरून कळतो. काही तासांतच जखमेत न्यूट्रोफिलांची दाटी होते.

गिळलेल्या जिवाणूचा समूळ नाश करणे, हे न्यूट्रोफिलचे काम. पेशीतील कणिकांमध्ये साठवलेली विकरे आणि जिवाणुनाशक प्रथिने जिवाणूवर ओतली जातात. त्याच वेळी एक विशिष्ट विकर ऑक्सिजनपासून अतिक्रियाशील संयुगे तयार करते आणि त्यांपासून पुढे हायपोक्लोरस आम्ल बनते. पाणी निर्जंतुक करण्यासाठी आपण क्लोरीन वापरतो, तेव्हा पाण्यात हेच आम्ल तयार होत असते. काही न्यूट्रोफिल मरताना आपल्या डीएनएचे धागे बाहेर फेकून जिवाणूंना जाळ्यात पकडतात.

त्यानंतर न्यूट्रोफिल बहुधा तेथेच मरतात. मेलेल्या न्यूट्रोफिल, मेलेले जिवाणू आणि विरघळलेली ऊती यांचा मिळून पू बनतो. ‘विरघळलेली ऊती’ या शब्दांकडे लक्ष द्या. जिवाणूला मारणारी रसायने बाहेर सांडली, तर ती आपल्या पेशींनाही सोडत नाहीत. न्यूट्रोफिल एरवी ऊतीत वस्तीला का ठेवलेल्या नसतात आणि त्यांचे आयुष्य अल्प का असते, याचे एक कारण येथे सापडते.

ही साफसफाई पुन्हा मॅक्रोफेजकडे येते. एक-दोन दिवसांत रक्तातील मोनोसाइट पेशी जखमेत येऊन नव्या मॅक्रोफेज बनतात. त्या मेलेल्या न्यूट्रोफिल गिळतात आणि मग त्यांचे संदेशही बदलतात. आता त्या दाह शमवणारी आणि नवी ऊती घडवण्यास चालना देणारी द्रव्ये सोडू लागतात. म्हणजेच दाहाचा आरंभ करण्यात आणि शेवट करण्यातही मॅक्रोफेजचा मोठा वाटा असतो. न्यूट्रोफिल मधल्या काळात येतात आणि संपतात.

4.2.3 जखम सोडून जाणारी पेशी : डेंड्रायटिक

डेंड्रायटिक पेशीही त्वचेत आधीपासून असतात. आपल्या शाखांनी त्या भोवतालच्या द्रवाचे आणि कणांचे नमुने सतत आत घेत असतात. जिवाणूची ओळख पटल्यावर मात्र त्यांचे वर्तन मॅक्रोफेजहून निराळे होते. त्या जखमेत थांबत नाहीत. नमुने घेणे कमी करून त्या लसिकावाहिनीत शिरतात आणि जवळच्या लसिकाग्रंथीकडे निघतात. टाचेच्या जखमेतून निघालेल्या पेशींची वाट गुडघ्यामागील आणि जांघेतील ग्रंथींकडे जाते. हा प्रवास साधारणपणे एका दिवसात होतो.

गिळलेल्या जिवाणूचे त्या काय करतात, यात खरा भेद आहे. न्यूट्रोफिल जिवाणूचा चक्काचूर करते. डेंड्रायटिक पेशी त्याचे पचन सावकाश करते, म्हणजे ओळखीपुरते प्रथिनांचे तुकडे शिल्लक राहतात. हे तुकडे ती आपल्या पृष्ठभागावरील विशिष्ट प्रथिनांत बसवते आणि लसिकाग्रंथीतील टी पेशींपुढे मांडते. त्या तुकड्याशी जुळणारी टी पेशी हजारोंत एखादीच असते किंवा त्याहूनही विरळ. अशी टी पेशी भेटली, तरी केवळ तुकडा दाखवून ती जागी होत नाही. ‘हा तुकडा धोक्याच्या ठिकाणाहून आणला आहे’ असे सांगणारा दुसरा संकेतही डेंड्रायटिक पेशीला द्यावा लागतो. हा संकेत देणारे रेणू तिच्या पृष्ठभागावर जिवाणूशी गाठ पडल्यानंतरच मोठ्या प्रमाणात येतात.

पायाला जखम झाली की जांघेत गाठ येते. तिला आपण ‘अवधाण’ म्हणतो. ग्रंथीत जमणाऱ्या आणि वाढणाऱ्या पेशींमुळे ती सुजते. काही वेळा जिवाणूही तेथवर पोहोचतात, हे मात्र विसरू नये. टी पेशींची पुरेशी फौज उभी राहण्यास अनेक दिवस लागतात. तोवर टाचेतील लढा पहिल्या दोन पेशींनाच द्यावा लागतो.

येथे एक मर्यादा लक्षात ठेवा. मॅक्रोफेजही टी पेशींना तुकडे दाखवू शकते. परंतु ती मुख्यतः आधीच जागृत झालेल्या टी पेशींना दाखवते. कधीही जागी न झालेल्या टी पेशीला पहिल्यांदा जागे करण्याचे काम प्रामुख्याने डेंड्रायटिक पेशीच करतात.

4.2.4 एखादी कडी तुटली तर

पेशीचे कार्य तिच्या अभावात अधिक स्पष्ट दिसते. कर्करोगावर औषधोपचार घेणाऱ्या एका रुग्णाचा काल्पनिक अहवाल पाहू. पांढऱ्या पेशी प्रति मायक्रोलिटर 1,400 आणि त्यांत न्यूट्रोफिल 30 टक्के. प्रत्यक्ष संख्या काढू : 1,400 × 30 ÷ 100 = 420. ही संख्या 500 पेक्षा कमी असेल, तर ती गंभीर न्यूनता मानतात. अशा रुग्णाच्या टाचेत तोच काटा रुतला, तर पू जवळजवळ होणार नाही आणि लाली व सूजही कमी दिसेल. जखम साधी वाटेल, पण जिवाणू मात्र वाढत राहतील. कधी कधी ताप हे एकच लक्षण असते. म्हणून अशा रुग्णाला ताप आल्यास वाट न पाहता तातडीने रुग्णालयात नेतात.

आता उलट उदाहरण घ्या. एका दुर्मिळ जन्मजात आजारात न्यूट्रोफिलांवरील इंटेग्रिन सदोष असते. रक्तात न्यूट्रोफिलांची संख्या सामान्यांहून बरीच जास्त आढळते, तरीही जखमेत पू होत नाही, कारण पेशींना वाहिनीच्या भिंतीला घट्ट धरून बाहेर पडताच येत नाही. दुसऱ्या एका जन्मजात आजारात न्यूट्रोफिल जखमेत पोहोचतात आणि जिवाणू गिळतातही, परंतु ऑक्सिजनपासून मारक संयुगे बनवणारे विकर काम करत नाही. अशा मुलांना स्टॅफिलोकॉकससारख्या जिवाणूंचे गळू वारंवार होतात. यावरून दिसते, की पुरेशी संख्या असणे, जागेवर पोहोचणे आणि गिळलेल्याला मारणे या तीन वेगवेगळ्या पायऱ्या आहेत.

4.3 सारांश

मॅक्रोफेज ऊतीत वस्ती करून असते, हाक देते आणि शेवटी आवराआवर करते. न्यूट्रोफिल रक्तातून येते, जिवाणूचा नाश करते आणि बहुधा जखमेतच मरते. डेंड्रायटिक पेशी जिवाणूचे तुकडे घेऊन लसिकाग्रंथीत जाते आणि अर्जित प्रतिकारक्षमतेला जागे करते. तिन्ही पेशी गिळतात, मात्र गिळण्याचा हेतू प्रत्येकीचा निराळा असतो.

4.4 स्वयं-अध्ययन प्रश्न

1. एका रुग्णाच्या पांढऱ्या पेशी प्रति मायक्रोलिटर 6,000 असून त्यांत न्यूट्रोफिल 8 टक्के आहेत. एकूण संख्या समाधानकारक दिसत असूनही डॉक्टर चिंतित का होतील?
2. डेंड्रायटिक पेशीने जिवाणूचा न्यूट्रोफिलप्रमाणे चक्काचूर केला असता, तर पुढील कोणती क्रिया अडली असती?

उत्तरे

1. न्यूट्रोफिलांची प्रत्यक्ष संख्या 480 येते, म्हणजे 500 पेक्षा कमी. एकूण संख्येमुळे ही न्यूनता झाकली गेली आहे.
2. टी पेशींपुढे मांडण्यासाठी प्रथिनांचे तुकडे पुरेसे उरले नसते आणि अर्जित प्रतिकारक्षमता जागृत होण्यात अडथळा आला असता.