‘नोकरी का सुटली?’ : सरळ प्रश्नाचे सरळ उत्तर

कंपनीने कामावरून काढलेल्या उमेदवाराला मुलाखतीत ‘राजीनामा दिला’ असे सांगण्याचा मोह होतो. पण ते बहुधा पडताळणीत उघडे पडते. नवी कंपनी, किंवा तिने नेमलेली एजन्सी, जुन्या कंपनीच्या एचआरला रुजू होण्याची व सोडण्याची तारीख, हुद्दा आणि पुष्कळदा सोडण्याचे कारणही विचारते. पीएफच्या नोंदीतही शेवटची तारीख असते. खोटी माहिती आढळल्यास नेमणूक रद्द होईल, असे कलम ऑफर लेटरमध्ये बहुधा असतेच. म्हणजे थाप रुजू झाल्यानंतरही अंगाशी येऊ शकते.

उत्तर अर्ध्या मिनिटाचे पुरते. सलग दोन तिमाही टार्गेट न गाठल्याने काढलेला विक्री प्रतिनिधी असे सांगू शकतो : “कंपनीनेच मला काढलं. दोन तिमाही टार्गेट चुकलं. नव्या भागात मी जुन्याच डीलरांवर विसंबून राहिलो, नवे जोडायला उशीर केला. आता दर आठवड्याला नव्या भेटींची नोंद ठेवतो.” इथे ‘काढलं’ हा शब्द पहिल्याच वाक्यात येतो आणि चूक नेमकी कळते. बॉसची उणीदुणी सुरू झाली की ऐकणारा सावध होतो.

कारण गैरवर्तनाचे असेल, तर आरोप काय होता आणि चौकशीत काय ठरले, एवढेच सांगावे. वाद न्यायालयात असल्यास आधी वकिलाला विचारलेले बरे. मनुष्यबळ कपातीत गेलेली नोकरी मात्र वेगळी. ती ‘कपात’ म्हणूनच सांगावी.