चाळीस हजार फोटो आणि एक सिनेमा

लॅपटॉपवर 4 जीबीचा एक सिनेमा आहे. शेजारच्या फोल्डरमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवरून वर्षानुवर्षं साठत गेलेले फोटो आहेत. एकेक फोटो साधारण 100 केबीचा आणि एकूण चाळीस हजार, म्हणजे हेही 4 जीबीच. दोन्ही पाठोपाठ पोर्टेबल हार्ड डिस्कवर कॉपी करा. सिनेमा पाऊण मिनिटात जातो. फोटो मात्र दहा, पंधरा, वीस मिनिटं जातच राहतात, आणि खिडकीतला वेगाचा आकडा सेकंदाला 100 एमबीवरून चार-पाच एमबीवर उतरतो. तार तीच, डिस्क तीच, बाइटही तेवढेच. मग एवढा वेळ जातो कुठे?

उत्तरासाठी त्या डिस्कच्या पोटात डोकवावं लागतं आणि तिथलं दृश्य विलक्षण आहे. आत चकचकीत तबकड्या फिरत असतात, बहुतेक पोर्टेबल डिस्कमध्ये मिनिटाला 5400 वेळा. म्हणजे सेकंदाला नव्वद फेरे, एका फेऱ्याला 11 मिलिसेकंद. तबकडीवर एका बारीक दांडीच्या टोकाला वाचणारं-लिहिणारं हेड असतं. ते तबकडीला टेकत नाही, तिच्यापासून काही नॅनोमीटर अंतरावर हवेच्या थरावर तरंगतं. सिनेमा लिहिताना हे हेड एका जागी येतं आणि तिथून जवळजवळ सलग लिहीत सुटतं. सेकंदाला 100 एमबी या हिशेबाने एका फेऱ्यात 1 एमबीहून थोडं जास्त लिहून होतं. साडेतीन हजारांवर फेरे झाले की अख्खा सिनेमा तबकडीवर उतरलेला असतो.

आता एक फोटो घ्या. 100 केबी म्हणजे फेऱ्याचा जेमतेम दहावा भाग, लिहायला 1 मिलिसेकंद. पण त्याआधी हेडला योग्य वर्तुळावर सरकायचं असतं आणि त्यात सरासरी 12 मिलिसेकंद जातात. तिथे पोहोचल्यावर हवी ती जागा फिरून हेडखाली येईपर्यंत थांबावं लागतं. कधी ती लगेच येते, कधी पूर्ण फेरा घेऊन. सरासरी अर्धा फेरा, साडेपाच मिलिसेकंद. म्हणजे 1 मिलिसेकंदाच्या कामासाठी साडेसतरा मिलिसेकंदांचा प्रवास. चाळीस हजार फोटोंना प्रत्येकी असा एकच प्रवास लागला तरी 700 सेकंद होतात, जवळजवळ बारा मिनिटं. दोन लागले तर तेवीस. खुद्द फोटो लिहिण्याचा वेळ या सगळ्यात फक्त 40 सेकंदांचा आहे! मला या विषयात सगळ्यात थक्क करणारा आकडा हाच वाटतो.

पण फोटो एकामागोमाग एकच लिहायचे आहेत, तर हेड मुळात हलतंच कशाला? कारण फाइल म्हणजे नुसते तिच्यातले बाइट नव्हेत. गावातल्या वाचनालयात नवं पुस्तक आलं की ते फळीवर ठेवायला क्षणभर पुरतो, पण त्याआधी त्याला दाखल क्रमांक मिळतो, नोंदवहीत ओळ पडते, विषयवार यादीत नाव चढतं. पुस्तक हजार पानांचं असो की आठ पानांचं, ही नोंद तेवढीच. डिस्कवरही तसंच आहे.

डिस्क एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर विंडोज एका फोटोसाठी काय काय करतं ते पाहा. या नावाची फाइल तिथे आधीपासून आहे का, हे आधी तपासतं. मग मास्टर फाइल टेबल नावाच्या मोठ्या तक्त्यात तिच्यासाठी सहसा 1 केबीची एक नोंद राखून ठेवतं. फोल्डरच्या यादीत नाव योग्य क्रमाने घुसवतं. डिस्कवरचे कोणते कप्पे रिकामे आहेत याचा एक नकाशा असतो, त्यातून जागा शोधून ती भरल्याची खूण करतं. मग कुठे फोटो लिहिला जातो. शेवटी तारीख-वेळ नोंदवून फाइल बंद होते. आणि मध्येच वीज गेली तर तक्ता अर्धवट राहू नये म्हणून या नोंदींमधला प्रत्येक बदल आधी एका वेगळ्या रोजनाम्यात टिपला जातो. तक्ता, यादी, नकाशा, रोजनामा आणि खुद्द फोटो, सगळे तबकडीच्या वेगवेगळ्या भागांत असू शकतात. हेडची धावपळ आहे ती यांच्यामध्ये.

सिनेमालाही हे सगळं करावं लागतं, पण एकदाच. फोटोंना चाळीस हजार वेळा.

नोंदींची ही व्यवस्था किती सुंदर आहे याचा एक दाखला द्यायचा मोह आवरत नाही. काहीशे बाइटांची अगदी चिमुकली फाइल असेल तर एनटीएफएस तिला वेगळी जागा देतच नाही. तिचा मजकूर तक्त्यातल्या तिच्या नोंदीतच मावतो, म्हणून तिथेच ठेवला जातो. अशा फाइलच्या `Properties` मध्ये `Size on disk` समोर बहुधा शून्य दिसतं! आणि तेच चाळीस हजार फोटोंचं फोल्डर एका डिस्कच्या आतल्या आत दुसरीकडे हलवलं तर काम निमिषात होतं, कारण बाइट जागचे हलत नाहीत, फक्त फोल्डरची एक नोंद या यादीतून त्या यादीत जाते.

ऑपरेटिंग सिस्टिम हेडची ही धावपळ कमी करायला पुष्कळ झटते. लिहायच्या गोष्टी थोडा वेळ मेमरीत साठवून, जवळजवळच्या नोंदी एकत्र करून मग डिस्ककडे पाठवते. पण बाहेरून जोडलेली डिस्क कोणीही कधीही उपटून काढेल या भीतीने विंडोज 10 च्या 2018 सालच्या 1809 आवृत्तीपासून अशा डिस्कसाठी ही साठवण मुळातच बंद ठेवलेली असते. डिस्कच्या `Policies` मध्ये जाऊन `Better performance` निवडलं तर ती सुरू करता येते. मात्र त्यानंतर डिस्क काढण्याआधी दर वेळी `Eject` करायलाच हवं, नाहीतर मेमरीत राहिलेलं तिथेच हरवतं.

अडथळा नक्की कुठे आहे हे टास्क मॅनेजरमध्ये कळतं. त्या डिस्कचा `Active time` 100 टक्क्यांना टेकलेला आणि लिहिण्याचा वेग मात्र दोन-चार एमबी असेल, तर हेड धावून धावून दमलं आहे असं समजा. डिस्क निवांत आणि `Antimalware Service Executable` वर चढलेलं दिसलं, तर प्रत्येक फाइल उघडताना अँटिव्हायरस तिची झडती घेतो आहे आणि वेळ तिथे जातो आहे. एसएसडीत हेड नसतं, म्हणून हा फरक तिथे पुष्कळ कमी होतो, पण नोंदी आणि झडती तिथेही आहेतच.

डिस्कच्या जागी इंटरनेट आलं की हाच खेळ आणखी अद्भुत होतो. मुंबई ते न्यूयॉर्क हे सरळ अंतर सुमारे 12,500 किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर धावतो, म्हणजे जाऊन परत यायला किमान 125 मिलिसेकंद. प्रत्येक फोटोनंतर ‘मिळाला’ असा निरोप येईपर्यंत पुढचा पाठवायचा नाही असं ठरवलं, तर चाळीस हजार फोटोंना 5,000 सेकंद नुसत्या वाट पाहण्यात जातात. एक तास तेवीस मिनिटं! ब्रॉडबँडचा वेग दहापट केला तरी यातला एकही सेकंद वाचत नाही, कारण ही वाट प्रकाशाच्या वेगाने ठरवलेली आहे. आणि खऱ्या केबली सरळ रेषेत जात नाहीत, शिवाय एका फाइलला एकाहून जास्त फेऱ्या लागतात, त्यामुळे प्रत्यक्षात वेळ याहून वाढतोच.

कारण असं नेमकं कळलं की उपायही आपोआप समोर येतो: डिस्कला चाळीस हजार फाइली दिसूच द्यायच्या नाहीत. सगळे फोटो एका गाठोड्यात बांधायचे आणि गाठोडं थेट पोर्टेबल डिस्कवर लिहायचं. विंडोज 10 च्या नंतरच्या आवृत्त्यांत आणि विंडोज 11 मध्ये `tar` आधीपासून असतं. कमांड प्रॉम्प्टमध्ये एवढंच लिहा, फक्त ड्राइव्ह आणि फोल्डरची नावं तुमची घाला:

```
tar -cf E:\photos.tar -C D:\ Photos
```

लहान फाइली उघडायचं काम लॅपटॉपच्या चपळ एसएसडीवर होतं आणि पोर्टेबल डिस्कला एकच लांबलचक फाइल मिळते, सिनेमासारखी. `7-Zip` वापरत असाल तर त्यात `Store` निवडा, म्हणजे ते नुसतं बांधेल, दाबणार नाही. जेपीईजी फोटो आधीच दाबलेले असतात, त्यांना पुन्हा दाबण्यात प्रोसेसरचा वेळ जातो आणि जागा नाममात्र वाचते.

गाठोडं त्याच डिस्कवर सोडलं तर वाचवलेला सगळा वेळ परत द्यावा लागतो, कारण सोडताना चाळीस हजार नोंदी कराव्याच लागतात. म्हणून ही युक्ती जपून ठेवायच्या प्रतीसाठी उत्तम, रोज उघडायच्या फोटोंसाठी नाही. डिस्क एफएटी32 असेल तर तिच्यावर 4 जीबीची फाइल मावत नाही, तेव्हा दोन गाठोडी करा. झिप फाइलची यादी तिच्या शेवटी असते, त्यामुळे कॉपी मध्येच तुटली तर ती सहसा उघडतच नाही. नुसत्या टारमधून आधीचे फोटो बहुधा काढता येतात. बांधून झाल्यावर `tar -tf E:\photos.tar` चालवा, सगळी नावं शेवटपर्यंत आली म्हणजे गाठोडं पूर्ण आहे असं मानायला हरकत नाही.

फोटो सुटेच हवे असतील तर `robocopy` आहे:

```
robocopy D:\Photos E:\Photos /E /MT:16
```

यातल्या `/MT:16` मुळे सोळा फाइली एकाच वेळी हाताळल्या जातात. नेटवर्कवर याचा फायदा डोळ्यांत भरतो, कारण एका फाइलची वाट पाहताना बाकीच्या पंधरा प्रवासात असतात. एसएसडीवरही चांगला होतो. फिरत्या तबकडीवर मात्र एकाच हेडला सोळा जण हाका मारू लागले तर काम उलट मंदावू शकतं, तिथे हा आकडा 1 किंवा 2 ठेवून पाहा. आणि `robocopy` चा खरा लाभ दुसऱ्या खेपेला कळतो. न बदललेले फोटो ते सोडून देतं, त्यामुळे पुढच्या महिन्यात फक्त नवे फोटो जातात.

तेव्हा पुढच्या वेळी मोठं फोल्डर कॉपी करण्याआधी त्यावर राइट-क्लिक करून `Properties` उघडा आणि जीबीच्या आकड्याबरोबर खालचा `Contains` समोरचा फाइलींचा आकडाही वाचा. तो हजारांत असेल आणि प्रत नुसती जपून ठेवायची असेल, तर आधी गाठोडं बांधा.