अक्षर जागचे हलत नाही, हलते ती नजर

गैरसमज : चिनी बौद्ध सूत्रावर जपानी वाचनाच्या खुणा घातल्या की त्याचे जपानी भाषांतर तयार होते, शब्द नव्याने मांडले जातात.

एकही अक्षर जागचे हलत नाही. चिनी मजकूर वरून खाली, जसाच्या तसा उभा असतो. अक्षराच्या डाव्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात एक बारीक खूण असते आणि उजवीकडे जपानी प्रत्यय बारीक लिहिलेले असतात. डावीकडची खूण, म्हणजे ‘काएरितेन’, एवढेच सांगते की इथे थांब, पुढचे आधी वाच, मग परत ये. ‘काएरि’ म्हणजे परतणे.

हे जपानी माणसापेक्षा मराठी माणसाला समजावणे सोपे आहे, असे मला कधीकधी वाटते. ‘एवं मया श्रुतम्’ ही सूत्रांची ठरलेली सुरुवात. कुमारजीवाने इसवी सन 406 मध्ये केलेल्या सद्धर्मपुंडरीकाच्या चिनी अनुवादात तिचा क्रम असा आहे : प्रमाणे–हे–मी–ऐकले. जपानी भाषेत ‘प्रमाणे’ नामाच्या मागून येते, आपल्याकडेही तसेच. म्हणून ‘प्रमाणे’च्या पायाशी बरोबरच्या खुणेसारखे दिसणारे ‘रे’ हे चिन्ह पडते. त्याचा अर्थ : खालचे एक अक्षर आधी. मग वाचायचे ‘हे–प्रमाणे–मी–ऐकले’, म्हणजेच ‘याप्रमाणे मी ऐकले’.

शेजारच्या दोन अक्षरांची अदलाबदल असेल तर ‘रे’ पुरते. त्याच सूत्रात पुढे येते : बुद्ध–राहिले–राजगृह–गृध्रकूट–पर्वत–मध्ये. इथे क्रियापदाला शेवटी न्यायचे आहे आणि उडी लांबची आहे. म्हणून ‘राहिले’खाली बारीक दोनचा आकडा, ‘मध्ये’खाली एकचा. वाचणारा ‘बुद्ध’ म्हणतो, दोनवाले अक्षर ओलांडतो, एकपर्यंत सरळ जातो आणि तिथून उलटा दोनवर येतो. अशी एक जोडी दुसऱ्या मोठ्या जोडीच्या पोटात आली तर बाहेरच्या जोडीला आकड्यांऐवजी ‘वर’ आणि ‘खाली’ ही अक्षरे लावतात. जोड्या कंसांसारख्या एकात एक बसायला हव्यात. एकमेकींना छेदू लागल्या, तर समजावे की खुणा घालणारा चुकला.

गैरसमज : मंदिरातले पठण याच खुणांनुसार चालते.

बहुतेक ठिकाणी नाही. पठणात तीच ओळ ‘न्योझे गामोन’ अशी, चिनी क्रमाने आणि चिनीवरून आलेल्या उच्चारांनी, सरळ वरून खाली म्हटली जाते. खुणांचे वाचन, म्हणजे ‘कुंदोकु’, हे मुख्यतः अर्थ लावण्यासाठी आहे. निचिरेन पंथासारख्या काही ठिकाणी तेही मोठ्याने म्हणतात, हा अपवाद.

गैरसमज : या खुणा पहिल्यापासून अशाच आहेत.

आठव्या शतकाच्या अखेरीपासूनच्या सूत्रांच्या पोथ्यांत भिक्षूंनी पांढऱ्या किंवा शेंदरी रंगाचे ठिपके दिलेले आढळतात. अक्षराच्या चौकटीत ठिपका कुठे पडला यावरून प्रत्यय ओळखायचा. मात्र कोणता कोपरा कोणत्या प्रत्ययाचा, हे परंपरेगणिक वेगळे असायचे. एका मठाचे ठिपके दुसऱ्या मठातल्या वाचकाला लागतीलच असे नव्हते. आजची शाळेतली पद्धत 1912 मधल्या सरकारी अहवालाने घालून दिली.

गैरसमज : खुणा फक्त व्याकरण सांगतात, अर्थ मुळात ठरलेलाच असतो.

सगळ्यात मोठी चूक ही. अमिताभ बुद्धाच्या ध्यानसूत्रावर शानदाओ (613–681) या चिनी आचार्याचे भाष्य आहे. त्यात चौदा अक्षरांची एक ओळ आहे. तिचा क्रम साधारण असा : नये–बाहेर–दाखवू–सद्गुणी, उद्योगी रूप–आत–बाळगू–खोटेपणा. प्रचलित खुणांत परतीची उडी ओळीच्या शेवटापासून थेट पहिल्या ‘नये’पर्यंत जाते. अर्थ होतो : ‘बाहेर सद्गुणी रूप दाखवून आत खोटेपणा बाळगू नये.’ सरळ उपदेश : आतबाहेर एक व्हा.

जपानचे शिनरान (1173–1263) यांनी उडीची जागा बदलली. त्यांच्या वाचनात ‘रूप’ संपले की लगेच ‘नये’कडे परतायचे, आणि उरलेला तुकडा कारण म्हणून सुटा वाचायचा : ‘बाहेर सद्गुणी रूप दाखवू नये, कारण आत खोटेपणा आहे.’ मराठीत हा फरक ‘नये’ कुठे पडतो एवढ्यावरच दिसतो, पण उपदेश पार उलटा झाला. पहिल्या वाचनात माणूस आतून स्वच्छ होऊ शकतो, दुसऱ्यात तो तसा नाहीच असे धरले आहे. म्हणून स्वतःच्या पुण्यावर नव्हे, अमिताभावर भिस्त ठेवायची, हा शिनरानांचा सगळा विचार त्या एका उडीत आहे.

शिनरानांना चिनी येत नव्हते, असे म्हणून हे वाचन उडवून लावणे मला पटत नाही. चूक असती तर ती त्यांच्या मताला इतकी नेमकी जुळली नसती. दोन्ही वाचनांत अक्षरे तीच चौदा आहेत, त्याच क्रमाने.